‘सेरेन्डिपिटी’वर तीन मिनिटं बोलायचं तर

प्रश्न : सर, मी अमळनेर तालुक्यातल्या एका सेमी-इंग्रजी शाळेत इंग्रजी शिकवते. पुढच्या महिन्यात आमच्याकडे शाळेपुरती स्पेलिंग स्पर्धा आहे. सुरुवातीला आठवीतली एक मुलगी तीन मिनिटं बोलणार आहे. विषय मुख्याध्यापकांनीच दिलाय : ‘सेरेन्डिपिटी हा शब्द शिकणाऱ्याला इतका का आवडतो?’ नेटवर सापडलेली सगळी भाषणं पेनिसिलिनची गोष्ट सांगून संपतात. आमची बरीच मुलं घरी अहिराणी बोलतात, आणि पालकही येणार आहेत. भाषण मराठीत ठेवू की इंग्रजीत? त्यात काय असावं? नमुना दिलात तर बरं होईल.

उत्तर :

मॅडम, भाषण मराठीत ठेवा. फक्त तो शब्द आणि त्याची अक्षरं इंग्रजीत येऊ द्या. इंग्रजीत लिहिलंत तर मुलगी पाठ करून घडाघडा म्हणेल, पालक टाळ्या वाजवतील आणि घरी जाताना शब्दसुद्धा कुणाच्या लक्षात राहणार नाही.

भाषणात काय असावं याचं उत्तर ज्यानं हा शब्द घडवला त्यानंच देऊन ठेवलंय. होरेस वॉलपोल हा अठराव्या शतकातला इंग्रज लेखक, ब्रिटनचे पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांचा मुलगा. 28 जानेवारी 1754 रोजी त्यानं फ्लॉरेन्समधले ब्रिटिश राजनैतिक प्रतिनिधी होरेस मॅन यांना पत्र लिहिलं. त्या पत्रात हा शब्द पहिल्यांदा आला. आणि लगेच पुढे तो म्हणतो की, या शब्दाच्या व्याख्येपेक्षा त्याच्या व्युत्पत्तीवरून तो तुम्हाला जास्त चांगला कळेल. स्पर्धेच्या तयारीत मी मुलांना हा शब्द देतो तो याच वाटेनं. ‘सेरेन्डिपिटी म्हणजे आनंददायी योगायोग’ अशी व्याख्या फळ्यावर लिहिली की मुलं वहीत उतरवतात आणि तिथेच विषय संपतो. शब्द कुठून आला हे सांगायला घेतलं की मागच्या बाकावरचीही मान वर होते. त्यामुळे मुलीच्या भाषणाची सुरुवात ‘सेरेन्डिपिटी म्हणजे’ अशी असेल तर ते वाक्य आधी खोडा.

व्युत्पत्ती थोडक्यात अशी. वॉलपोलनं सेरेन्डिपच्या तीन राजपुत्रांची एक गोष्ट वाचली होती. स्वतः त्यानं तिला खुळचट परीकथा म्हटलंय, पण त्यातली एक गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली : हे राजपुत्र ज्याच्या शोधात निघालेले नसत ते त्यांना वाटेत योगायोगानं आणि चाणाक्षपणानं सापडत असे. त्या गुणाला नाव हवं म्हणून त्यानं देशाच्या नावाला शेपूट जोडलं, सेरेन्डिप अधिक इटी. आपण ‘माणूस’ला ‘पण’ लावून ‘माणुसपण’ करतो, तसंच. सेरेन्डिपपण! मुलांना हे सांगितलं की ती हसतात, कारण इंग्रजी शब्दही कुणीतरी बसून, गंमत म्हणून बनवू शकतो हे त्यांना नवीन असतं.

आता हा सेरेन्डिप देश कुठला? श्रीलंका. सिंहलद्वीप हे आपल्याकडचं जुनं नाव अरब आणि इराणी लोकांच्या तोंडी बदलत बदलत गेलं, ‘ल’ हरवला, ‘व’ हरवला, पण शेवटचं ‘दीप’ टिकलं. राजपुत्रांची ही गोष्ट 1557 साली व्हेनिसमध्ये इटालियन भाषेत छापली गेली, आणि तिचा मोठा भाग जातो आपल्या अमीर खुसरोच्या ‘हश्त बिहिश्त’ या फारसी काव्यापर्यंत. म्हणजे नाव सिंहलद्वीपचं, गोष्ट दिल्लीतल्या कवीच्या हातातून गेलेली, छापली व्हेनिसमध्ये आणि शब्द झाला इंग्लंडमध्ये. हा सगळा नकाशा भाषणात कोंबू नका. तीन मिनिटांत एकच जागा दाखवायची, ‘डिप’. अकरा अक्षरांच्या परक्या शब्दाच्या पोटात आपला ‘द्वीप’ बसलाय, तोच लक्षद्वीपमधला, भूगोलाच्या पुस्तकातला. शिकणाऱ्याला हा शब्द का आवडतो याचं माझ्या अनुभवातलं खरं कारण हेच आहे. पोर स्पेलिंग पाठ करायला बसलेलं असतं आणि हाताला लागतो आपला शब्द. शब्दाचा जो अर्थ आहे तोच त्याला शिकताना घडतो. इंग्रजीत असं फार थोड्या शब्दांत होतं.

गोष्टीतला उंट मात्र भाषणात हवाच, आणि तो नीट सांगितलेला हवा. वाटेत राजपुत्रांना उंट हरवलेला एक माणूस भेटतो. त्यांनी उंट पाहिलेला नसतो, तरी ते विचारतात : तो एका डोळ्यानं आंधळा आहे का? त्याचा एक दात पडलाय का? एका पायानं लंगडतो का? पुढे तर हेही सांगतात की त्याच्या एका बाजूला लोणी लादलंय आणि दुसऱ्या बाजूला मध. एवढं अचूक सांगितल्यावर चोरीचा आळ येणारच, तसा तो येतो आणि तिघं तुरुंगात जातात. नंतर उंट दुसऱ्या कुणाला सापडतो आणि बादशहा त्यांना विचारतो, तुम्हाला कळलं कसं? उत्तरं अशी. रस्त्याच्या एका बाजूचं गवत चांगलं होतं, पण खाल्लेलं होतं दुसऱ्या बाजूचं, हलकं. चांगल्या बाजूचा डोळा चालत असता तर त्यानं ते सोडलं नसतं. चघळलेल्या गवताचे दाताएवढे बोळे वाटेवर पडले होते, म्हणजे ते दाताच्या फटीतून निसटत होते. मातीत तीन पावलांचे ठसे उठले होते आणि चौथ्या पायाची नुसती फरफट. वाटेच्या एका कडेला मुंग्या लागल्या होत्या, म्हणून तिकडे लोणी. दुसऱ्या कडेला माश्या घोंघावत होत्या, म्हणून मध.

खान्देशातल्या मुलांना यातला गवताचा भाग समजावून सांगावा लागत नाही. बांधावर जनावर चारायला नेणारं पोर तुमच्या शाळेतही असेल. गुरांनी कुठलं गवत खाल्लं आणि कुठलं सोडलं हे ते चालता चालता सांगतं. मुलीला तालमीत तिथे थांबायला सांगा, घाई करू देऊ नका. लोणी आणि मध वेळेअभावी गाळला तरी चालेल, पण गवत गाळायचं नाही. आणि कुणी जाणकार पालक नंतर येऊन म्हणाले की उंट नव्हे, खेचर होतं, तर तेही बरोबर आहेत. वॉलपोलनं पत्रात आठवणीवर भिस्त ठेवून खेचर लिहिलंय. मूळ गोष्टीत उंटच आहे.

आता अर्थाबद्दल, कारण इथे भाषणं हमखास घसरतात. बहुतेक मुलं हा शब्द ‘नशीब’ किंवा ‘लॉटरी लागणं’ या अर्थानं वापरतात. वॉलपोलच्या म्हणण्यात दोन गोष्टी आहेत, योगायोग आणि चाणाक्षपणा. दुसरी काढली तर उरतो तो आपला घुणाक्षर न्याय : किडा लाकूड कोरत जातो, कधी त्यात अक्षर उमटतं, पण किड्याला काही ते वाचता येत नाही. राजपुत्रांना वाचता येत होतं, म्हणून त्यांच्या नावानं शब्द झाला. हा फरक मुलीला समजलेला असला पाहिजे, भाषणात त्याला एक वाक्य पुरे.

पेनिसिलिनची गोष्ट तुम्हाला नकोय ते योग्यच आहे, पण ती चुकीची नाही, अर्धवट सांगितली जाते. 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतला तेव्हा एका बशीत बुरशी आली होती, हा झाला योगायोग. बुरशीच्या भोवतालचे जंतू विरघळलेत हे पाहून तो थबकला आणि त्यानं बशी फेकून दिली नाही, हा चाणाक्षपणा. भाषणांत पहिला भाग येतो आणि दुसरा गळतो. तसंच अजिंठ्याचं. आपल्याकडे सहलीला गेलेलं प्रत्येक मूल सांगतं की 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला वाघाच्या शिकारीत लेणी ‘सापडली’. उदाहरण जवळचं आहे, मोह होतो, पण मी ते टाळतो. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच, आणि साहेबांनी चाणाक्षपणा काय दाखवला, तर दहाव्या लेण्यात आपलं नाव आणि तारीख खरडून ठेवली.

आता खरं काम, स्पेलिंग. स्पर्धेच्या मंचावरून मुलगी हा शब्द अक्षर-अक्षर सांगणार, आणि तिथे चुकली तर आधीचं सगळं वाया. शब्द दिसायला लांब असला तरी प्रामाणिक आहे. मुकं अक्षर नाही, एकही अक्षर जोडून दोनदा येत नाही. तरीही आपली मुलं तो चुकतात, आणि त्याचं कारण बुद्धीत नाही, अक्षरांच्या नावांत आहे.

‘से’ ऐकलं की मराठी कानाला ‘ए’ ऐकू येतो, आणि ‘ए’ हे तर इंग्रजीच्या पहिल्याच अक्षराचं नाव. म्हणून पोर म्हणतं, एस-ए-आर. पुढे ‘डि’ ऐकलं की कानाला ‘इ’ लागते, आणि ‘ई’ हे इंग्रजीच्या पाचव्या अक्षराचं नाव. म्हणून ते म्हणतं, डी-ई-पी. हवं होतं वेगळंच : ‘से’ला ई आणि ‘डि’ला आय. मराठी किंवा अहिराणी बोलणारं मूल कानावर जितका विश्वास ठेवेल तितकं इथे फसेल. याला चूक म्हणून रागावण्यात अर्थ नाही, कारण मूल आपल्या बाराखडीशी इमान राखून बोलत असतं.

दुसरी अडचण वेगळी आहे. शब्दातला दुसरा स्वर, ‘रेन’मधला, इंग्रजीत इतका पुसट उच्चारतात की तो अ, ए, इ काहीही वाटू शकतो. इथे मुलं ए लावतात किंवा आय. इथे कानही उपयोगाचा नाही आणि नियमही. तो डोळ्यानंच लक्षात ठेवावा लागतो.

यातली अडचण कुठली हे कसं ओळखायचं? मुलीला शब्द आधी कागदावर लिहायला सांगा, मग कागद उलटा ठेवून तोंडी सांगायला सांगा. कागदावर बरोबर आणि तोंडी चूक असेल तर अक्षरांच्या नावांचा गोंधळ आहे. तो दोन-तीन दिवसांत जातो. रोज पाच-सहा छोटे शब्द, पेन, पिन, टेन, टिन असे, नुसते तोंडी अक्षरं सांगून घ्यायचे. कागदावरच चूक असेल तर पुसट स्वराची अडचण आहे, आणि तिथे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावण्याला पर्याय नाही.

तोंडी सांगताना शब्द असा तोडा : एस-ई-आर, ई-एन, डी-आय-पी, आय, टी-वाय. प्रत्येक तुकड्यानंतर श्वासाएवढी जागा. स्वर एका ओळीत पाहिले तर छान बसतात : आधी दोन ई, मग दोन आय, शेवटी वाय. एवढं डोक्यात बसलं की मंचावर घाबरल्यावरही शब्द हातचा जात नाही.

‘द्वीप’ची खूण मात्र जपून वापरा, कारण ती जशी मदत करते तशी दगाही देते. आपला ‘द्वी’ दीर्घ आहे. लक्षद्वीपचं इंग्रजी नाव मुलांनी पुस्तकात पाहिलेलं असतं, तिथे डी-डब्ल्यू-ई-ई-पी असं दोन ई घालून लिहितात. हुशार मूल लगेच ते इथे आणतं आणि ‘डीप’ लिहून मोकळं होतं. म्हणून ‘द्वीप’ सांगितल्यावर लगेच, त्याच दमात, सांगायचं की इंग्रजीत आल्यावर त्याचा ‘व’ गेला आणि तो आखूड झाला, बुडवणे या अर्थाच्या छोट्या ‘डिप’एवढा. आणि सिंहलद्वीप ते सेरेन्डिप या वाटेवरचं सरनदीप हे मधलं रूप वर्गात स्पर्धेनंतर सांगा. आधी सांगितलंत तर ‘सर’ आणि ‘रन’ ऐकून मुलं दोन्ही जागी ए टाकतात. ज्ञान चांगलं, पण क्रम महत्त्वाचा.

शेवटची इटी घ्या. अबिलिटी, पॉसिबिलिटी, इलेक्ट्रिसिटी, सगळ्यांत शेपूट तेच, आय-टी-वाय. पण सोसायटी, व्हरायटी, अँग्झायटी इथे ते ई-टी-वाय होतं, कारण शेपटाच्या आधीच एक आय येऊन बसलाय आणि इंग्रजीला दोन आय शेजारी बसवायला आवडत नाही. आपल्या शब्दात शेपटाआधी पी आहे, म्हणून आय निर्धास्त लावायचा. स्पर्धकांना हा एक नियम दिलात तर यादीतले बरेच शब्द सुटतील.

भाषणाचा नमुना खाली देतो. आठवीतल्या मुलीच्या तोंडी शोभेल अशी वाक्यं ठेवली आहेत, तिला जिथे अडखळेल तिथे तिच्या शब्दांत बदलू द्या. सुरुवातीला व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेण्याचा कार्यक्रम सूत्रसंचालकाकडे सोपवा. त्यात मुलीचं अर्धं मिनिट जातं.

> नमस्कार. मी तुम्हाला एका हरवलेल्या उंटाची गोष्ट सांगणार आहे.
>
> एका राजाचे तीन मुलगे प्रवासाला निघाले होते. वाटेत त्यांना एक माणूस भेटला. त्याचा उंट हरवला होता. पहिला राजपुत्र म्हणाला, ‘तुझा उंट एका डोळ्यानं आंधळा आहे का?’ दुसरा म्हणाला, ‘त्याचा एक दात पडलाय का?’ तिसरा म्हणाला, ‘तो लंगडतो का?’ तिन्ही खरं होतं! पण त्यांनी उंट पाहिलाच नव्हता.
>
> मग कळलं कसं? रस्त्याच्या एका बाजूला चांगलं गवत होतं, दुसऱ्या बाजूला हलकं. आणि खाल्लेलं होतं हलकं. चांगलं गवत उंटाला दिसलंच नव्हतं. चघळलेल्या गवताचे छोटे बोळे खाली पडले होते, दाताच्या फटीतून निसटलेले. आणि मातीत ठसे होते तीनच पायांचे. चौथा पाय फरफटत गेला होता.
>
> ते उंट शोधायला निघाले नव्हते. पण वाटेत जे दिसलं, ते त्यांनी नीट पाहिलं.
>
> ही गोष्ट इंग्लंडमधल्या होरेस वॉलपोल यांनी वाचली. 1754 साली मित्राला पत्र लिहिताना त्यांनी अशा न शोधता सापडण्याला एक नवा शब्द बनवला. ते राजपुत्र होते सेरेन्डिप देशाचे. म्हणून शब्द झाला, सेरेन्डिपिटी.
>
> आणि हा सेरेन्डिप देश आहे आपल्या शेजारी. श्रीलंका! आपल्याकडे तिचं जुनं नाव सिंहलद्वीप. परदेशी खलाशांच्या तोंडी ते नाव बदललं, पण द्वीप राहिलं. सेरेन, डिप, इटी. मधला डिप म्हणजे आपलं द्वीप. म्हणून मी घरी आजीला सांगितलं, ‘हाऊ शब्द आपला शे!’
>
> फक्त एक सांभाळायचं. आपलं द्वीप लांब, इंग्रजीतलं डिप छोटं. तिथे आय एकच.
>
> मी हा शब्द पाठ करायला घेतला तेव्हा मला फक्त अकरा अक्षरं हवी होती. द्वीप मी शोधत नव्हते. ते सापडलं. म्हणून मला हा शब्द आवडतो.
>
> आता स्पेलिंग सांगते. एस-ई-आर. ई-एन. डी-आय-पी. आय. टी-वाय. सेरेन्डिपिटी.

आठवीतली मुलं मंचावर मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतात, घाबरली की त्याहून जास्त. नमुना त्या हिशेबानं तीन मिनिटांच्या आत बसतो. तालमीत अडीच मिनिटांच्या खाली येत असेल तर मुलगी उंटाच्या भागात धावते आहे असं समजा. तीन प्रश्नांनंतर, ‘पाहिलाच नव्हता’ इथे, तिला मनात तीन आकडे मोजायला सांगा. श्रोते तेव्हा आपसात उत्तर शोधत असतात, तो वेळ त्यांना मिळू द्या.

आजीचं वाक्य तिच्या घरात खरंच कुणी अहिराणी बोलत असेल तरच ठेवा, आणि आजीऐवजी जे कुणी असेल त्याचं नाव घ्या. घरात अहिराणी नसेल तर ते वाक्य सरळ मराठीत करा. ओढूनताणून बोललेली बोली पालकांना एका शब्दात कळते.

उच्चारात जोर ‘डि’वर द्यायचा. आपण मराठीत सगळी अक्षरं सारख्या वजनानं म्हणतो, त्यामुळे शब्द सपाट वाटतो. इंग्रजीत ‘सेरेन’ हलकं जातं आणि ‘डिप’वर वजन पडतं. योगायोगानं तीच आपली खुणेची जागा आहे, म्हणून मुलीला हे लक्षात ठेवायला सोपं जाईल. अक्षरं सांगताना माईक तोंडाला चिकटवू देऊ नका. आपल्याकडच्या भाड्याच्या साउंडवर टी, डी आणि पी एकमेकांसारखे ऐकू येतात, आणि या शब्दात तिन्ही आहेत.

अक्षरं सांगताना ती मध्येच अडकली तर काय करायचं हेही आधी ठरवून ठेवा. स्पेलिंग स्पर्धांत साधारण नियम असतो की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते, पण आधी उच्चारलेली अक्षरं बदलता येत नाहीत. भाषणाला हा नियम लागू नाही, पण ती तोच पाळेल तर पुढे बसलेल्या स्पर्धकांना नियम न सांगता समजेल. थांबायचं, शब्द एकदा पूर्ण उच्चारायचा आणि एस पासून पुन्हा निघायचं.

राहिली एक गोष्ट, जी स्पर्धेच्या आदल्या दिवशी लक्षात येते आणि मग धावपळ होते. शब्दांची यादी ज्या सरांकडे असेल त्यांना आजच सांगा की सेरेन्डिपिटी यादीतून काढा. मुलगी मंचावरून स्पेलिंग सांगून गेल्यावर तोच शब्द तिसऱ्या फेरीत कुणाला आला तर बाकीच्यांचे पालक हरकत घेतील, आणि ती हरकत रास्त असेल. त्या जागी त्याच शेपटाचा दुसरा शब्द घाला, क्युरिऑसिटी किंवा व्हरायटी. भाषण लक्ष देऊन ऐकणाऱ्याला पहिला सोपा जाईल, आणि दुसऱ्यात आय की ई हे तुम्ही वर्गात घेतलेला नियम ठरवील.